हात न उचलता राहणारा धाक

“नवरा दारू पीत नाही, हात उचलत नाही, घर नीट चालवतो, तरी हल्लीच्या बायकांना छळ वाटतो. फोन बघितला, कुठे आहेस विचारले, पगार एकत्र ठेवला, याला काळजी म्हणतात. खरंच त्रास असता तर कमावती बाई एक दिवस राहिली नसती. आणि बायको छळते म्हणणारा पुरुष तर पुरुषच नव्हे. जुन्या लोकांनी सोसले म्हणून संसार टिकले. पटले तर पुढे पाठवा.”

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या गटांत फिरणाऱ्या या मजकुरातला प्रत्येक मुद्दा वेगळा तपासावा लागतो, कारण त्यातले काही अर्धे खरे आहेत.

सुरुवात मारहाणीपासून करू. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम 2005 साली झाला आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्याच्या कलम 3 मध्ये शारीरिक आणि लैंगिक छळाबरोबरच शाब्दिक व भावनिक छळ आणि आर्थिक छळ यांचाही समावेश आहे. अपमान करणे, मूल किंवा मुलगा होत नाही म्हणून हिणवणे, तिच्या जवळच्या माणसाला इजा करण्याची वारंवार धमकी देणे, तिच्या हक्काचा पैसा अडवणे, स्त्रीधन परस्पर विकणे, हे सारे त्यात येते. म्हणजे अंगावर वळ नसतील तर छळच नाही, हा समज आपल्या कायद्याने वीस वर्षांपूर्वीच नाकारलेला आहे.

तरीही हा समज टिकतो, याचे कारण आपण छळाची मोजणी घटनांनी करतो. किती वेळा मारले, केव्हा मारले, कोणी पाहिले, असे विचारतो. इव्हान स्टार्क या अमेरिकन अभ्यासकाने ज्याला कोअर्सिव्ह कंट्रोल, म्हणजे धाकाने चालवलेले नियंत्रण म्हटले, त्यात सुटी घटना अनेकदा क्षुल्लक असते. नुकसान होते ते माणसाच्या रोजच्या स्वातंत्र्याचे. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2015 च्या कायद्याने अशा वागणुकीची मालिका हा स्वतंत्र गुन्हा ठरवला असून त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आपल्याकडे या नावाचा वेगळा गुन्हा नाही. पण 2005 च्या कायद्यातल्या भावनिक आणि आर्थिक छळाच्या व्याख्येत त्याचा मोठा भाग बसतो.

काळजीच्या मुद्द्यावर मात्र थांबावे लागेल, कारण सगळी गफलत तिथेच आहे. अशा प्रकरणांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून एक उदाहरण मांडतो. ते कोणा एका घराचे नाही. पाथर्डी फाट्यावर राहणारी, अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या हिशेब विभागात काम करणारी स्त्री आहे, असे धरू. पगार 32,000 रुपये, तिच्याच नावाच्या खात्यात जमा होतो. मात्र लग्नानंतर खात्याला नवऱ्याचा मोबाइल क्रमांक जोडला गेला, त्यामुळे बँकेचा प्रत्येक संदेश आणि ओटीपी त्याच्या फोनवर जातो. एकदा तिला फसवा फोन आला होता, तेव्हापासून “तुला यातले कळत नाही” म्हणून तिच्या फोनमधले यूपीआय अॅप काढून टाकले आहे. रोज सकाळी 200 रुपये हातात मिळतात आणि संध्याकाळी त्यांचा हिशेब होतो. लोकेशन चोवीस तास सुरू. कंपनीतून निघायला पंधरा मिनिटे उशीर झाला की व्हिडिओ कॉल येतो आणि फोन फिरवून आजूबाजूचे दाखवावे लागते. इंदिरानगरमधल्या मैत्रिणीच्या हळदीकुंकवाला तो नाही म्हणत नाही. ती जाऊन आली की तीन दिवस बोलत नाही, मुलीला जवळ घेऊन “आईला आपली गरज नाही” असे म्हणतो आणि निफाडला तिच्या आईला फोन करून लेकीचे घराकडे लक्ष नसल्याची तक्रार करतो. पुढच्या वर्षी ती विचारतच नाही. मैत्रीण दोनदा बोलावते, मग तीही बोलावणे सोडते.

यातली कोणतीही एक गोष्ट उचलून पोलीस ठाण्यात सांगितली तर हवालदारही हसेल. लोकेशन अनेक जोडपी एकमेकांना देतात, पगार एका जागी ठेवणारी सुखी घरेही पुष्कळ आहेत, आणि रुसवा कोणत्या संसारात नसतो? म्हणून कृती पाहून निर्णय होत नाही. पाहायचे असते ते नकारानंतर काय घडते. ती “उद्यापासून लोकेशन बंद ठेवते” असे सहज म्हणू शकते का, आणि म्हटले तर त्याची किंमत काय पडते? त्याचे लोकेशन तिच्याकडे आहे का, त्याच्या पगाराचा आकडा तिला माहीत आहे का? काळजी करणाऱ्या माणसाला “मला हे नको” म्हटले तर तो कुरकुरेल, वाईट वाटून घेईल, पण थांबेल. इथे प्रत्येक नकाराला शिक्षा आहे. ती शिक्षा ठरलेली नसल्यामुळे तिचा धाक अधिक असतो, आणि काही काळाने शिक्षा द्यावीच लागत नाही. ती स्वतःच आधी हिशेब करून वागू लागते. घरी परतताना मनातल्या मनात खुलाशाची उजळणी करणारी स्त्री बाहेरून शांत दिसते.

आणि बाहेरून तो नवरा कसा दिसतो? सकाळी गेटपर्यंत सोडणारा, संध्याकाळी न्यायला येणारा, बँकेची कटकट बायकोवर न टाकणारा. तिने नशीब काढले, असे कंपनीतल्या बायका म्हणतात. सासू म्हणते, बाहेरचे सगळे तोच बघतो, हिला कसली झळ नाही. आईकडे मन मोकळे करायला जावे तर पहिला प्रश्न येतो, “हात तर उचलत नाही ना?” पुरुषाने सांभाळायचे आणि बाईने सांभाळून घ्यायचे, या अपेक्षेत नियंत्रण इतके चपखल बसते की ते करणाऱ्याला काही लपवावे लागत नाही. उलट हेच वागणे एखाद्या भावाने भावाशी केले, रोज त्याचा हिशेब घेतला, व्हिडिओ कॉलवर खोली दाखवायला लावली, तर तेच नातेवाईक दोन दिवसांत मध्ये पडतील.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही स्त्रियांना पतीच्या वागण्याविषयी असे प्रश्न विचारले जातात: परपुरुषाशी बोलल्यास मत्सर किंवा राग, विश्वासघाताचे वारंवार आरोप, मैत्रिणींना भेटू न देणे, माहेरचा संपर्क कमी करणे, सतत कुठे आहे हे कळवायला लावणे आणि पैशाच्या बाबतीत विश्वास न ठेवणे. सरकारी प्रश्नावलीत ज्यांची नोंद नियंत्रण म्हणून होते, त्याच गोष्टींना संदेशात काळजी म्हटले आहे.

कमावत्या बाईचे उत्तर वरच्या उदाहरणातच आहे. कमाई आणि कमाईवरचा ताबा या वेगळ्या गोष्टी आहेत. खोलीचे डिपॉझिट द्यायला पैसे लागतात आणि मुलीच्या शाळेचे, स्वतःचे कागद त्याच्या कपाटात असतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जाण्याची चाहूल लागली की नियंत्रण सैल पडत नाही, घट्ट होते. आजवर हात न उचललेला माणूस त्या वेळी पहिल्यांदा उचलू शकतो, आणि विभक्त होण्याचा काळ सर्वांत धोक्याचा असतो, हे या क्षेत्रात काम करणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून “उद्याच लोकेशन बंद कर, त्याला ठणकावून सांग” हा मैत्रिणींचा सल्ला चुकीचा ठरू शकतो. व्हॉट्सअॅपमधल्या Linked devices या ठिकाणी अनोळखी संगणक जोडलेला दिसला तरी तो तत्काळ काढल्यास समोरच्याला कळते. आधी दुसऱ्या, सुरक्षित फोनवरून बोलण्याची सोय करावी. खात्याचा मोबाइल क्रमांक बदलतानाही जुन्या क्रमांकावर संदेश जाऊ शकतो, त्यामुळे दुसऱ्या बँकेत शाखेत जाऊन नवे खाते उघडणे आणि पगार तिकडे वळवण्याचा अर्ज राहण्याची व्यवस्था झाल्यावरच देणे, हा क्रम बरा.

पुरुषांविषयीचे वाक्य संदेशातले सर्वांत निर्दय वाक्य आहे. ओझरचा एखादा कामगार आईला भेटायला निघाला की बायको जिवाचे बरेवाईट करण्याची धमकी देते, त्याचा फोन काढून घेते, मुलांसमोर त्याच्या पगाराची टर उडवते आणि त्याच्या साहेबांना फोन करते, असे असेल तर कसोटी तीच लागू होते: नकाराची किंमत काय, आणि कोणाचे जग आक्रसत चालले आहे? पण तो कट्ट्यावर बोलला तर त्याला बायल्या ठरवतील, म्हणून तो सांगतो ते पाठदुखीचे आणि झोप न येण्याचे. 2005 च्या कायद्याखाली अर्ज फक्त स्त्रीला करता येतो. पुरुषाला त्यातून संरक्षण नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 खाली क्रूरता हे घटस्फोटाचे कारण आहे, त्यात मानसिक क्रूरताही येते आणि ते पती-पत्नी दोघांनाही उपलब्ध आहे. जिवाचे बरेवाईट करण्याची तिची धमकी मात्र पोकळ समजू नये. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, 14416 वर, मदत मागावी, पण भेट रद्द करणे हा तिच्यावरचा उपाय नव्हे. इथे एक सावधानता हवी. पगार किती आहे असे बायकोने विचारणे किंवा तिने तक्रार दाखल करणे, याला नियंत्रण म्हणता येत नाही. नियंत्रण करणारी व्यक्ती अनेकदा आपणच पीडित असल्याचे आधी सांगते, म्हणून कोण कोणाला घाबरून वागते हे पाहिल्याशिवाय मत बनवू नये.

जुन्या लोकांनी सोसले हे खरे आहे. कोणी सोसले, हे मात्र त्या मजकुरात लिहिलेले नाही.

ज्यांना वरचे उदाहरण ओळखीचे वाटले, त्या स्त्रियांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे, आणि तातडीच्या धोक्यात 112. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयाकडून संरक्षण अधिकाऱ्याची माहिती मिळते. तो घटनेचा अहवाल भरून दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायला मदत करतो. सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अर्जाची पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल त्या तारखेपासून साठ दिवसांत, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, हे धरून चालावे. अर्जात “नवरा संशय घेतो, मानसिक त्रास देतो” एवढेच लिहिले तर त्यातून फारसे काही उभे राहत नाही. त्याऐवजी पगार जमा झाल्याच्या दिवशीच पैसे दुसऱ्या खात्यात गेल्याचे सहा महिन्यांचे बँक विवरण, उशिराच्या तारखा आणि त्याच वेळच्या कॉलची यादी, तीन दिवसांच्या अबोल्याच्या आधी ती कुठे गेली होती याची नोंद, असे शेजारी शेजारी मांडले की मालिका दिसते. ही नोंद स्वतःच्या फोनमध्ये ठेवू नये. कामाच्या ठिकाणच्या ड्रॉवरमधली साधी वही पुरते.