आवंढा

मिसळ उतरते, थुंकी उतरत नाही. एवढंच माझं दुखणं होतं, आणि हे कोणाला सांगायला गेलं की समोरचा आधी मिसळ कुठली ते विचारायचा.

सुरुवात नाशिकला द्वारकेच्या सिग्नलला झाली. अंबडला कंपनीत कस्टमरचं ऑडिट नऊ दिवसांवर, माझ्याकडची अर्धी कागदपत्रं मागच्या वर्षीची, आणि तिथे गाडीत बसल्या बसल्या लक्षात आलं की गळ्याच्या खळग्याच्या जरा वर, बरोब्बर मधोमध, काहीतरी आहे. सुपारीएवढं. आवंढा गिळला तरी जाईना म्हणून परत गिळला, मग परत. सिग्नल सुटेपर्यंत मी अकरा वेळा गिळलं होतं आणि मागचा रिक्षावाला माझ्या खानदानाबद्दल काहीतरी बोलत होता.

घरी सांगितलं. आई म्हणाली, काटा असेल. आम्ही शाकाहारी आहोत, पण आईचं निदान एकदा झालं की झालं. मग केळ्याचा मोठा घास न चावता गिळ, कोरड्या भाताचा गोळा गिळ, असं सगळं करून झालं. सगळं व्यवस्थित खाली गेलं, घशातला गोळा जिथल्या तिथे. शेजारचे काका म्हणाले, अमक्याच्या साडूलाही असंच झालं होतं, आणि पुढचं वाक्य अर्धं सोडून त्यांनी अशी काही मान हलवली की सुपारीचा माझ्या डोळ्यांदेखत लिंबू झाला.

रविवारी गंगापूर रोडच्या पुढे मळ्यातल्या मिसळीला गेलो. काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड, दही, चार पाव. खाताना गोळा बिळा काही नाही, आठवणसुद्धा नाही, आणि हात धुवून गाडीपाशी येतोय तर साहेब हजर. बायको म्हणाली, "अहो, चार पाव जातात आणि थुंकी जात नाही? नाटकं आहेत सगळी." माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोपर्यंत मी रोज रात्री मोबाईलच्या टॉर्चमध्ये स्वतःचा घसा बघत होतो, आणि माणसाने स्वतःचा घसा कधीही बघू नये, तिथे सगळंच गाठीसारखं दिसतं.

शेवटी कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांकडे गेलो, बायको सोबत. मला वाटलं आता मशीनं लागतील, तर हे नुसते प्रश्नच विचारत बसले. जेवताना वाढतं की कमी होतं? घास अडकतो का, पाणी पिऊन ढकलावा लागतो का? आधी पोळी अडकायची आणि आता पातळही अडकतं, असं काही? गिळताना दुखतं का? एकाच बाजूला आहे का? कानात कळ? आवाज बसलाय? रक्त पडलंय? वजन? मी म्हटलं चौऱ्याहत्तर होतं, आता साडेचौऱ्याहत्तर. त्यांनी लिहून घेतलं. मग तंबाखू, गुटखा, दारू काही? मी म्हटलं नाही, म्हणजे कॉलेजात दोन वर्षं मावा, म्हणजे कधीतरी. बायको खुर्चीत सरळ बसली. ती सुनावणी घरी वेगळी झाली, तो या लेखाचा विषय नाही.

मावा ऐकल्यावर मात्र त्यांनी तोंड नीट तपासलं, गालांच्या आतून, जिभेखाली, ग्लोव्हज घालून बोटाने दाबून. मग मागे उभं राहून मान चाचपली आणि पाण्याचा घोट गिळायला लावला, कारण थायरॉईडची गाठ असेल तर ती गिळताना वर सरकते आणि बोटाला कळते. काही नाही लागलं.

मग दुर्बीण. नाकात एक स्प्रे मारला, कडू जहर, तो घशात उतरला आणि दोन मिनिटांत घसा माझा राहिलाच नाही. इथे सांगून ठेवतो, बधिर घशात गोळा दुप्पट मोठा वाटतो, आणि आपण गिळलं की नाही हेच कळत नाही, त्यामुळे माझं त्या खुर्चीत पाणी पाणी झालं. डॉक्टर म्हणाले, नाकाने श्वास घ्या, आणि जाड शेवेएवढी ती नळी नाकातून घालून म्हणाले, "ईऽऽ म्हणा." म्हटलं. स्क्रीनवर दोन पांढऱ्या पट्ट्या उघडझाप करत होत्या, ते माझे स्वरयंत्राचे पडदे. आजूबाजूला सगळं गुलाबी, ओलं, स्वच्छ. सुपारी नाही, लिंबू नाही. स्प्रे उतरेपर्यंत खायचं-प्यायचं नाही म्हणून सांगितलं, नाहीतर ठसका लागतो.

"मग आहे काय ते?" मी विचारलं, बोबडं.

ते म्हणाले, अन्ननलिकेच्या तोंडाशी एक गोल स्नायू असतो, थैलीच्या नाडीसारखा. एरवी आवळलेला, घास आला की क्षणभर सैल. टेन्शनमध्ये तो जास्त आवळलेला राहू शकतो, आणि त्यात तुमचं लक्ष चोवीस तास तिथेच. बरेचदा ॲसिडिटीचाही हात असतो. "आता एक करा. स्प्रे उतरला ना? लागोपाठ पाच वेळा थुंकी गिळा."

पहिली गेली. दुसरी गेली. तिसऱ्याला घसा अडला, चौथ्याला नुसता खटका, आणि गोळा टेबल टेनिसच्या बॉलएवढा. मी घाबरून बघितलं तर डॉक्टर स्वतः गिळत होते. तिसऱ्यालाच थांबले. "मलाही नाही जमत," म्हणाले, "गिळायला तोंडात काहीतरी लागतं. थुंकी संपली की तुम्ही कोरडाच घसा आवळताय, त्याने अजून जाणवतं, मग गेलाय का बघायला तुम्ही परत गिळता." द्वारकेच्या सिग्नलला मी हेच अकरा वेळा केलं होतं. मिसळीचं कोडंही सुटलं, घास आला की नाडी सैल, म्हणून खाताना आराम. खरा अडथळा असता तर उलटं झालं असतं, थुंकी गेली असती आणि पाव अडकला असता.

तरी काकांचा साडू डोक्यात होताच, म्हटलं सीटी स्कॅन, पोटाची दुर्बीण, काहीतरी करून टाकू. त्यांनी सरळ सांगितलं की नाकातली दुर्बीण अन्ननलिकेच्या आत बघत नाही, तिथलं मी तुमच्या उत्तरांवरून ठरवलंय. घास अडकतो असं म्हणाला असतात, किंवा वजन उतरलेलं असतं, तर आजच पोटाची दुर्बीण किंवा बेरियम पाजून एक्स-रे लिहून दिला असता. पुढे यातलं काही झालं, आवाज बसून तीन आठवडे सुटला नाही, किंवा मानेला गाठ लागली, तर लगेच या. ॲसिडिटीची गोळी महिनाभर, नाश्त्याच्या अर्धा तास आधी, फरक नाही पडला तर चालू ठेवायची नाही. आणि गोळा आला की थुंकी गिळायची नाही, पाण्याचा घोट घ्यायचा.

आता बाटली सोबत असते. ऑडिटच्या दिवशी तीन लिटर प्यायलो, अर्धा वेळ बाथरूममध्ये होतो, त्यामुळे मागच्या वर्षीच्या कागदांबद्दलचे प्रश्न दुसऱ्यालाच विचारले गेले. गोळा अजून येतो, महिनाअखेरीला हमखास.

चूक एकच झाली. ते पाच वेळा गिळायचं मी रात्री जेवताना घरी सांगितलं. बायकोने करून बघितलं, तिसऱ्याला अडली. मुलीने केलं, हसत सुटली. आई काही बोलली नाही, पण रात्री दोनला माझ्या दारावर टकटक झाली.

"अरे, झोपलास का? माझ्या पण घशात काहीतरी आहे."

गुरुवारची अपॉइंटमेंट मिळालीय.