लक्ष्मीपूजन, पण कुठल्या गावचं?

सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं: 'सामुदायिक लक्ष्मीपूजन, गुरुवार ३१ ऑक्टोबर, सायं. ६.३०. सर्वानुमते.' 'सर्वानुमते' या शब्दाखाली दोन रेघा होत्या. त्या सर्वांत मी नव्हते, म्हणून जरा लागलं. पण जास्त लागलं ते असं की अमावास्या कधी संपणार हे हात वर करून ठरवलं होतं. पाण्याच्या टाकीच्या रंगाचा निर्णय घेतात, तसा.

ही २०२४ ची दिवाळी. अमावास्या गुरुवारी ३१ तारखेला दुपारी ३ वाजून ५२ मिनिटांनी लागत होती आणि शुक्रवारी १ नोव्हेंबरला संध्याकाळी ६ वाजून १६ मिनिटांनी संपत होती. म्हणजे दोन्ही संध्याकाळी ती हजर! चांगली जवळजवळ साडेसव्वीस तासांची अमावास्या, कारण चंद्र नुकताच पृथ्वीपासून लांबच्या टोकाला जाऊन आलेला आणि तिथे तो रमतगमत चालतो. सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी होते. त्याला कधी वीस तास पुरतात, कधी सत्तावीस लागतात. घड्याळाशी त्याचा करार झालेला नाही.

मी पंचांग घेऊन खाली गेले. नाना लिफ्टपाशीच होते, हातात मोबाईल.

"वहिनी, ते कागदी पंचांग ठेवा आता. हे बघा, लाइव्ह आहे."

मोबाईलमधलं पंचांग म्हणत होतं: अमावास्या ३१ तारखेला सकाळी ६.२२ पासून, १ तारखेला सकाळी ८.४६ पर्यंत.

"बघा! शुक्रवारी चहा होईपर्यंत अमावास्या संपली. मग संध्याकाळी पूजा कुणाची करायची? पाडव्याची?"

"नाना, ३१ ला सकाळी चतुर्दशी आहे. पहाटे नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान करणार ना तुम्ही?"

"ते आहेच. उटणं आणलंय."

"मग सहा बावीसला अमावास्या कशी?"

"आंघोळ सहाच्या आत आटपायची."

मी सूर्यास्त विचारला. नानांनी बोट फिरवलं. "पाच चोपन्न." पुण्याचा त्या दिवशीचा सूर्यास्त सहाच्या पुढे दोन-तीन मिनिटं. इतका जवळचा आकडा की कुणालाही शंका येऊ नये. मग सूर्योदय विचारला.

"सात पंचवीस."

"पुण्यात ऑक्टोबरात सात पंचवीसला सूर्य उगवतो?"

"थंडी पडलीय ना," नाना म्हणाले.

तेवढ्यात पडद्यावर वर डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत गावाचं नाव दिसलं: न्यू जर्सी. मुलाने उन्हाळ्यात येऊन गेल्यावर हे पंचांग वडिलांना तिथूनच चढवून दिलं होतं. आमच्या सोसायटीने अटलांटिकपलीकडच्या अमावास्येला सर्वानुमते मंजुरी दिली होती.

मोबाईलमधलं पंचांग चुकलेलं नव्हतंच, हा यातला खरा चिमटा. तिथी लागते आणि संपते ती सगळ्या जगात एकाच क्षणी. आपले दुपारचे ३.५२ म्हणजे तिथले सकाळचे ६.२२, साडेनऊ तास मागे. बदलतो तो सूर्यास्त. न्यू जर्सीत शुक्रवारचा सूर्य मावळण्याच्या कितीतरी आधी अमावास्या उलटलेली, म्हणून तिथल्या मराठी घरांत लक्ष्मीपूजन गुरुवारीच. पुण्यात शुक्रवारी. दोन्ही बरोबर. म्हणून मोबाईलवर तिथी बघताना आधी सूर्योदय बघावा. तो आपल्या खिडकीशी जुळत नसेल तर पुढचं वाचूच नये.

कागदी पंचांगाचेही लोक हाल करतात. १ नोव्हेंबरच्या ओळीत 'अमावास्या १८-१६' असं दिसलं की दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, "सव्वासहाला लागतेय." लागत नाही हो, संपतेय! पंचांगात सूर्योदयाला असलेली तिथी आणि तिची समाप्ती छापतात. सुरुवात हवी तर एक ओळ वर जायचं: ३१ च्या ओळीत 'चतुर्दशी १५-५२', म्हणजे तिथून अमावास्या. काही पंचांगांत '२६-१०' असलं काही दिसलं की छपाईची चूक म्हणून फोन लावू नये. तो मध्यरात्रीनंतरचा २ वाजून १० मिनिटांचा वेळ असतो, वार मात्र सूर्योदयापर्यंत आदलाच.

आता मुद्द्याची गोष्ट. "सूर्योदयाला जी तिथी तोच सण" हे अर्धवट ज्ञान आहे, आणि ते सांगणाऱ्याचा आवाज नेहमी मोठा असतो. प्रत्येक सणाची आपली वेळ असते आणि त्या वेळेला ती तिथी चालू असावी लागते. गणपतीला मध्यान्ह, संकष्टीला चंद्रोदय, गोकुळाष्टमीला मध्यरात्र. लक्ष्मीपूजनाला प्रदोष, म्हणजे सूर्यास्तानंतरचे साधारण दोन तास चोवीस मिनिटं. तेव्हा शोधायचं एवढंच: कुठल्या दिवशी प्रदोषात अमावास्या आहे? एकाच दिवशी असेल तर प्रश्न मिटला. २०२४ मध्ये दोन्ही दिवशी होती. गुरुवारी पूर्ण प्रदोष, शुक्रवारी पुण्यात जेमतेम चौदा मिनिटं.

इथे नानांनी पलटी मारली. "चौदा मिनिटांत आरती तरी होईल का? गुरुवारी अख्खी रात्र आहे!"

ऐकायला पटतं. पण दोन्ही दिवशी प्रदोष गाठला असेल तर दुसरा दिवस घ्यावा असं धर्मसिंधू हा ग्रंथ सांगतो. कारणही सरळ आहे. अमावास्येच्या दिवसाला क्रम आहे: सकाळी अभ्यंग आणि देवपूजा, दुपारनंतर पितरांचं पार्वण श्राद्ध, मग प्रदोषात दिवे आणि लक्ष्मी. गुरुवारी पावणेचारपर्यंत चतुर्दशीच, तर हा क्रम लावायचा कुठे? शिवाय अमावास्येची जोडी प्रतिपदेशी शुभ मानतात, चतुर्दशीशी नाही. आणि सूर्यास्ताला तिथी असली की ती त्या प्रदोषभर धरतात, त्यामुळे ६.१६ ला ताम्हन आपटून उठायची गरज नाही.

वाद होताच, नाही असं नाही. सूर्यास्तानंतर अमावास्या घटिकेहून, म्हणजे चोवीस मिनिटांहून जास्त उरली तर शंकाच नाही, असंही तोच ग्रंथ म्हणतो. नागपुरात सूर्य ५.३८ च्या सुमारास मावळला, तिथे अडतीस मिनिटं उरली. पुण्या-मुंबईला घटिकाही भरली नाही, म्हणून शंकेला जागा राहिली. केंद्राची सुट्टी ३१ ला, महाराष्ट्राची १ ला, शेअर बाजाराचं मुहूर्ताचं ट्रेडिंगही १ ला संध्याकाळी सहा ते सात. त्यातली चव्वेचाळीस मिनिटं तर प्रतिपदाच होती, पण दलालांनी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. घराघरांत दिनदर्शिका टांगलेली असते आणि तिच्यावर दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख, मोलकरणीची रजा सगळं लिहिलेलं असतं. त्या चौकोनात बारीक अक्षरांत तिथीची समाप्ती छापलेली असते. ती कुणी वाचत नाही. फॉरवर्ड होऊन आलेला संदेश मात्र सगळे वाचतात आणि वर मलाच विचारतात, "वहिनी, तुम्हाला नक्की माहीत आहे ना?"

शेवटी फळ्यावरचा गुरुवार पुसून शुक्रवार झाला. 'सर्वानुमते' तेवढं तसंच राहिलं, रेघांसकट.

शुक्रवारी सकाळी लिफ्टमध्ये नानांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. मुलाने पहाटे पाचला फोटो पाठवला होता: चौरंग, लाह्या-बत्तासे, पणत्या, डॉलरच्या नोटांवर हळदकुंकू.

"बघा वहिनी, त्यांनी कालच केली."

बरोबर केली होती. तिथे गुरुवारची संध्याकाळ होती, सूर्य मावळलेला, अमावास्या चालू. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तळमजला आला.