नंबर आमचा, शोधा तुम्ही

आंब्याचा सीझन चालू झाला की देवगडकडच्या आमच्या कॅनिंगच्या कारखान्यात सगळा व्यवहार तोंडी होतो. फळ पिकायला लागलं की ते कोणाच्या सहीसाठी थांबत नाही. खरेदीवाले भाऊ फोन कानाला लावतात आणि ओरडतात, "अण्णा, दोन हजार खोकी धाडा, संध्याकाळपर्यंत!" कुडाळहून टेम्पो निघतो, खोकी उतरतात, पल्पचे डबे त्यांत बसून बाहेरगावी रवानाही होतात. कागद मागाहून येतात. त्या मागाहून आलेल्या कागदांपाशी मी बसतो. माझ्या टेबलाला अकाउंट्स म्हणतात.

तर खोकेवाल्या अण्णांचं 9 एप्रिलचं बिल नंबर 112 आलं. खोकी 2000, दर ठरलेला, जीएसटी बरोबर, शिक्का ठसठशीत. फक्त पीओ नंबर नाही. आमची सिस्टीम तीन कागद एकमेकांशी जुळवते: आम्ही दिलेली ऑर्डर म्हणजे पीओ, गेटवर माल उतरल्याची नोंद म्हणजे जीआरएन आणि पार्टीचं बिल. पीओ नंबर टाकल्याशिवाय ती पुढच्या पानावरच जात नाही. खोकी नुसती आलेली नाहीत, वापरून संपलेली आहेत, हे तिला सांगायची सोय नाही.

मग साहेबांच्या सांगण्यावरून अण्णांना मेल गेला. इंग्रजीत. मुख्य ऑफिसकडून आलेला जुना नमुना होता तो. विषयाच्या जागी 'इनव्हॉइस रिटर्न्ड'. खाली, सोबतचं परत करत आहोत, आवश्यक तपशील नाहीत, कंपनीच्या धोरणानुसार पीओशिवाय माल पाठवणं मान्य नाही, 'काइंडली डू द नीडफुल'. कुठलं बिल, कुठला तपशील, काय करायचं, यातलं एक अक्षर नाही.

तासाभरात अण्णांचा फोन. "माका कायच कळाक नाय. तुमी माल परत धाडलात की बिल? टेम्पो खंय आसा?"

बिचाऱ्यांनी मुलाला टेम्पो बघायला नाक्यावर उभा केला होता. मी म्हटलं, अण्णा, खोकी छान आहेत, नंबर तेवढा हवा. "मगे नंबर सांगा!" इथे मात्र माझी बोलती बंद झाली. पीओ नंबर आमचा. आमच्या सिस्टीममध्ये तयार होतो, आमच्या खरेदी विभागात राहतो, आणि ज्याला तो कोणी कधी कळवलाच नाही, त्याच्याकडे आम्ही तो सरकारी थाटात मागत होतो.

साहेब म्हणाले, "मेल नीट लिहून परत पाठवा. तुमचं मराठी बरं आहे." ऑफिसात असली स्तुती म्हणजे कामाची नोटीसच.

पहिल्यांदा भाऊंकडे गेलो नंबर मागायला. भाऊंनी कपाटात डोकं घातलं, बराच वेळ बाहेर काढलं नाही. शेवटी प्रिंट हातात आली: पीओ 0047, तारीख 16 एप्रिल. बिल 9 तारखेचं. म्हणजे अण्णांनी खोकी पाठवली तेव्हा पीओचा जन्म व्हायचा होता. भाऊ हळूच म्हणाले, "तारखेचं काय लिहू नकोस हां मेलमध्ये." तारखेचं उत्तर ऑडिटरला द्यायचं असतं, अण्णांना नाही, म्हणून मी लिहिलं नाही. पण 'पीओशिवाय माल पाठवणं मान्य नाही' हे वाक्यही मी त्याच पेनाने खोडलं. भाऊंना ते आवडलं नसावं.

मग जीएसटीचं. अण्णांचा पुढचा फोन हाच होता: "आजच्या तारखेचा नवा बिल करून धाडतंय." मी जवळजवळ ओरडलोच. तोवर मे अर्धा झाला होता. एप्रिलची बिलं 11 मेपर्यंत जीएसटीआर-1 या विक्रीच्या विवरणपत्रात भरायची असतात, ती अण्णांच्या सीएने भरलीही होती. आता 113 किंवा 130 नंबरचं नवं बिल काढलं की एकाच मालाची दोन बिलं सरकारदरबारी उभी राहतात. पार्ट्यांनी भरलेली बिलं आम्हाला ज्यात दिसतात त्या आमच्या 2बी मध्येही दोन दिसतात. मग जुन्यासाठी क्रेडिट नोट काढा, ती पुन्हा भरा, आणि दोन्हींकडचे सीए एकमेकांशी बोलेनासे होणार.

गंमत अशी की एवढ्या उपद्व्यापाची गरजच नसते. जीएसटीच्या नियम 46 मध्ये बिलावर काय काय हवं त्याची यादी आहे. पीओ नंबर त्यात नाही. जीएसटीआर-1 मध्येही तो भरावा लागत नाही. अण्णांचं बिल कायद्याने पहिल्यापासून धडधाकट होतं, अडलं होतं ते आमच्या घरच्या नियमाला. तेव्हा तोच नंबर, तीच तारीख, तेच आकडे ठेवून फक्त पीओ नंबर घालून पुन्हा छापायचं. रक्कम, कर किंवा आमचा जीएसटी नंबर चुकला असता तर गोष्ट वेगळी होती. अण्णा ई-इनव्हॉइसच्या सक्तीत बसत नाहीत, तीही कटकट वाचली.

मसुदा घेऊन साहेबांकडे गेलो. साहेबांना शेवटी एक वाक्य हवं होतं: 'पेमेंटचे दिवस दुरुस्त बिल मिळाल्यापासून मोजले जातील.' या वाक्याने मेलला वजन येतं म्हणे. मी म्हटलं, साहेब, अण्णांचा छोटा कारखाना आहे, उद्यम नोंदणी आहे. लेखी करार असला तरी त्यांचे पैसे माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांत द्यावे लागतात, आणि खोकी आपण केव्हाच स्वीकारली. आंबा भरून पाठवली सुद्धा. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. वाक्य गेलं.

राहिलं ते असं:

"विषय: बिल क्र. 112 (9 एप्रिल), पीओ नंबर घालून पुन्हा पाठवावे

अण्णा, नमस्कार.
2000 खोकी मिळाली, मालाबद्दल काही तक्रार नाही. बिलावर आमचा पीओ नंबर नसल्याने ते आमच्या सिस्टीममध्ये चढत नाही. तो नंबर 0047 असा आहे. पीओची प्रत सोबत जोडली आहे. बिलाचा नंबर, तारीख आणि रक्कम आहे तशीच ठेवून फक्त हा नंबर घालावा. नवीन नंबरचे बिल काढू नये. शुक्रवारपर्यंत याच मेलवर पाठवलेत तर पुढच्या आठवड्याच्या पेमेंटमध्ये घेतो. काही अडलं तर मला फोन करा."

साहेबांनी दोनदा वाचलं. "फारच साधं झालंय," म्हणाले. "कंपनीचा मेल वाटत नाही." मग स्वतःच्या हाताने खाली एक 'काइंडली' टाकलं आणि पाठवायला परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिल आलं. नंबर 112, तारीख 9 एप्रिल, वरच्या कोपऱ्यात पीओ 0047. पहिल्या झटक्यात चढलं.

त्याच दुपारी भाऊंनी नेहमीसारखा फोन लावला. पल्पची लाइन चालू, डबे बाहेर येतायत, खोकी संपत आलेली. "अण्णा, आणखी पंधराशे धाडा, लगेच!"

पलीकडून अण्णांचा शांत आवाज स्पीकरवर सगळ्या ऑफिसने ऐकला. "टेम्पो भरान तयार आसा. नंबर सांगा, मगे सोडतंय."

भाऊ कपाटाकडे धावले.