उंटावरचा शहाणा

इजिप्तचा धडा शिकवायचा होता आणि पुस्तकातलं चित्र टपाल तिकिटाएवढं. म्हणून मी चित्र काढणाऱ्या एआयला फर्मान सोडलं, ‘गिझाचा मोठा पिरॅमिड बांधला जातोय, असं दृश्य दे.’ अर्ध्या मिनिटात चित्र हजर. सोनेरी ऊन, घामाघूम मजूर आणि मधोमध उंटावर बसलेला मुकादम. इतकं देखणं, की तपासायचं मला सुचलंच नाही.

वर्गात पडद्यावर लावलं आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, बांधतायत तो पिरॅमिड कळला. पण मागचे दोन आधीच पडायला कसे आले?”

मी घसा खाकरला. हा पिरॅमिड खुफू राजाचा, इ.स.पू. २५६०च्या आसपासचा. मागचे दोन त्याच्या मुलाचे आणि नातवाचे. म्हणजे आजोबांच्या लग्नाच्या फोटोत नातू मिशा पिळत उभा! बरं, नवे असताना त्यांच्यावर बहुतेक भागात गुळगुळीत पांढऱ्या चुनखडीचं आवरण होतं. इथे मात्र ते आजच्यासारखे ओबडधोबड. स्फिंक्सही हजर, आणि तोसुद्धा नकटा. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. माझी मोजायला तर आता कुठे सुरुवात झाली होती.

त्या रात्री वही घेऊन बसलो. पहिल्या ओळीत साल आणि ठिकाण. ते नसेल तर तपासणार कशाशी? नुसतं ‘प्राचीन इजिप्त’ म्हटलं की तीन हजार वर्षांची खिचडी एकाच पातेल्यात शिजते. मग चित्र मागून पुढे वाचायचं: इमारती, अंगावरचे कपडे, हातातली हत्यारं, जनावरं. प्रत्येक वस्तूला नाव द्यायचं आणि समोर लिहायचं, ‘ही इथे केव्हापासून?’ नाव देता येत नाही ती वस्तू संशयित.

मुकादमापासून सुरुवात केली. पायघोळ झगा, डोक्याला मुंडासं. हा तर आजचा, पर्यटकांना उंटावरून फिरवणारा गडी! मग उलगडा झाला. एआय शिकतं ते चित्रं पाहून, आणि गिझाचे फोटो बहुतेक पर्यटकांनीच काढलेले. खुफूच्या मजुरांच्या कमरेला आखूड लिननचं वस्त्र असायचं. उंट तर इजिप्तमध्ये सर्रास ओझ्याला लागले ते इ.स.पू. पहिल्या सहस्रकात. म्हणजे माझा मुकादम निदान दीड हजार वर्षं आधीच उंटावरून शेळ्या हाकत होता. मजुरांच्या हातात करड्या लोखंडाच्या कुदळी होत्या. तिथे हवी होती लालसर तांब्याची छिन्नी, लाकडी मोगरी आणि दगड ठेचायला डोलेराइटचे गोटे. पायांत साखळदंडही होते. पिरॅमिडशेजारी तो बांधणाऱ्या मजुरांच्या, सन्मानाने बांधलेल्या कबरी १९९०मध्ये सापडल्या, तेव्हापासून ही साखळदंडांची गोष्ट फारशी टिकत नाही.

पुरावा कुठला धरायचा, हाही एक ताप. चित्रशोधात डोकावलो, तर तिथेही अशीच बनवलेली चित्रं. चोराच्या बाजूने चोराचीच साक्ष! शेवटी ठरवलं, संग्रहालयातली वस्तू असेल, तिचा काळ आणि सापडल्याची जागा लिहिलेली असेल, तरच मान्य.

मग दुरुस्त्या सांगितल्या. उंट गेला आणि घोडागाडी आली! घोडे-रथ इजिप्तमध्ये आले तेही खुफूनंतर जवळजवळ नऊशे वर्षांनी. घोडा हाकलला, तर काढून टाकलेलं मुंडासं परत डोक्यावर. तेव्हा वहीत लाल शाईने लिहिलं: नवं चित्र आलं की तपासणी पहिल्या ओळीपासून. ‘एवढंच तर बदललं’ या वाक्याने मला दोन संध्याकाळी फसवलं आहे.

दगड ओढायला घसरगाडी हवी होती. जेहुतीहोतेप नावाच्या इजिप्तच्या एका प्रांताधिकाऱ्याच्या थडग्यातल्या चित्रात माणसांच्या रांगा घसरगाडीवरचा प्रचंड पुतळा ओढतात आणि एक जण पुढे उभा राहून वाळूवर पाणी ओततो. ते चित्र खुफूनंतर जवळजवळ सातशे वर्षांचं, म्हणून वहीत शेरा मारला, ‘जवळचा पुरावा, नेमका नाही’. दगड वर चढवायची उतरण कशी होती यावर तर तज्ज्ञांचंच एकमत नाही, तेव्हा चित्राखाली ठळक अक्षरांत ‘उतरण अंदाजे’ असं लिहिलं.

सातव्या चित्राला वहीतला एकही रकाना लाल झाला नाही. दुसऱ्या दिवशी मी ते विजयी मुद्रेने पडद्यावर लावलं. तांबं, लिनन, घसरगाडी, पाणी ओतणारा, सगळं जिथल्या तिथे. वर्ग शांत. मागच्या बाकावरचा हात वर गेला.

“सर, दोर कशालाच बांधलेला नाहीये.”

मी चष्मा पुसून जवळ गेलो. चाळीसेक माणसं जीव खाऊन दोर ओढत होती. दोराचं दुसरं टोक वाळूत पडलं होतं आणि दगड त्यांच्या मागून आपला आपण चालत येत होता.