मेणबत्तीसोबतच्या कार्डाविरुद्ध फिरणारा मेसेज

*"समईला कधी कार्ड लागलं नाही, लाइट गेल्यावर लावायच्या मेणबत्तीलाही नाही. मग या काचेच्या ग्लासातल्या सुगंधी मेणबत्त्यांनाच एवढे नखरे कशाला? पहिल्यांदा तीन-चार तास जाळा म्हणजे मेण लवकर संपतं आणि दुसरी विकली जाते. वात कापायचं तर निव्वळ खूळ आहे. आणि उन्हाळ्यात मेणबत्ती टिकवायची असेल तर सरळ फ्रिजमध्ये ठेवा."*

जळगाव-भुसावळकडच्या बहुतेक ग्रुपवर हा मेसेज येऊन गेला आहे. मी अशाच मेणबत्त्या बनवते आणि प्रत्येक ऑर्डरसोबत मेणबत्ती कशी जाळायची, कशी ठेवायची हे सांगणारं कार्ड टाकते, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

पहिल्या जाळण्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. आतून साडेसात सेंटीमीटर रुंद असलेला एक ग्लास घ्या, त्यात १८० ग्रॅम सोयामेण. मधोमध एक वात. ज्योतीची उष्णता मधून कडेकडे हळूहळू सरकते. अडीच सेंटीमीटर रुंदीला साधारण एक तास, असा आमचा ठोकताळा आहे. म्हणजे या ग्लासात वितळलेलं मेण काचेपर्यंत पोचायला तीनेक तास लागतात.

आता समजा कुणी रोज संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी लावून दीडेक तासात विझवते. वितळलेल्या मेणाचं डबकं तेवढ्या वेळात चारेक सेंटीमीटरपर्यंतच पसरतं. दुसऱ्या दिवशी ज्योत त्याच खळग्यातून सुरू होते आणि कडेकडे पसरण्याऐवजी खाली उतरत जाते. चार सेंटीमीटरच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साडेसातच्या वर्तुळाच्या चौथाईहून थोडंच जास्त भरतं. मध्ये विहीर आणि भोवती मेणाची जाड भिंत उभी. खोल गेल्यावर कोंडलेल्या उष्णतेने भिंतीतलं थोडं मेण सुटतं, पण बरंचसं तसंच राहतं. शेवटी वात त्या विहिरीत बुडते आणि मेणबत्ती विझते, निम्म्याहून जास्त मेण शाबूत असताना.

याउलट असा ग्लास ताशी साधारण सहा ग्रॅम मेण जाळतो. तीन तासांचे झाले अठरा ग्रॅम, म्हणजे एकूण मेणाचा दहावा हिस्सा. तेवढं पहिल्या दिवशी खर्च केलं की बाकीचं नीट वापरता येतं. मला दुसरी मेणबत्ती खपवायचीच असती, तर मी कार्ड छापलंच नसतं.

मात्र एक गोष्ट मेसेजवाल्यांच्या बाजूने बोलते. सरसकट "चार तास जाळा" असं छापणारी कार्डं चुकीची असतात. छोट्या डबीला दीड-दोन तास पुरतात. चार तास ही वरची मर्यादा आहे; त्यापुढे काच फार तापते आणि वातीवर काजळी साचते. घड्याळाकडे नाही, काचेकडे बघा: वितळलेलं मेण सगळीकडून कडेला टेकलं की काम झालं. आणि चार तासांनीही टेकलं नाही, तर दोष तुमचा नाही. बनवणाऱ्याने त्या ग्लासासाठी वात बारीक निवडली आहे, आणि कोणतंही कार्ड ते दुरुस्त करणार नाही. बनवणाऱ्यालाच विचारा.

विहीर आधीच पडली असेल तर ग्लासाच्या तोंडावर अॅल्युमिनियम फॉइलची कडा गुंडाळा, मध्ये ज्योतीपुरतं मोठं भोक ठेवा आणि तासभर समोर बसून जाळा. उष्णता आत परतते आणि भिंत वितळते. फॉइल लगेच हाताने काढू नका, चटका बसतो.

आता वातीचं. समईला निगा लागत नाही, हे लिहिणाऱ्याने समई कधी स्वतः लावलेली दिसत नाही. आपल्या घरांतल्या बायका रोज वात पुढे सारतात, टोकाची काजळी झाडतात, जास्त लांब बाहेर आली तर मागे ओढतात. ते काम हात आपोआप करतो, म्हणून कुणी कार्डावर लिहिलं नाही, एवढंच.

लाइट गेल्यावरच्या पांढऱ्या मेणबत्तीची गोष्ट वेगळी. तिची वात वेणीसारखी विणलेली असते, १८२५ च्या सुमारास फ्रान्समधल्या कांबासेरेसने काढलेल्या पद्धतीची. जळताना ती वाकते, टोक ज्योतीच्या कडेला येतं आणि तिथे हवा मिळून राख होतं. त्याआधी मेणबत्तीची वातही सारखी कापत बसावी लागायची. ग्लासातल्या वातीही विणलेल्याच असतात, पण मेणात अत्तराचं तेल मिसळलेलं असतं. ते पूर्ण जळत नाही आणि टोकाला काळी गाठ धरते, छत्रीसारखी. ती गाठ राहिली तर ज्योत मोठी होते, फडफडते, काच काळी पडते आणि मेणही लवकर संपतं.

म्हणून दर वेळी लावण्याआधी, मेण गार असताना, वात पाच-सहा मिलीमीटरवर आणा. नेलकटर चालतो, ग्लास खोल असेल तर वाकडी कात्री बरी. कापलेला तुकडा मेणात पडू देऊ नका, तोही पेटतो. अगदी बुडापासून कापली तर वात बुडते, मग वरचं थोडं मेण वितळवून टिश्यूने टिपून घ्यावं लागतं. पहिल्यांदा लावताना मात्र वात आधीच मापात असेल तर हात लावू नका.

फ्रिजचा सल्ला खान्देशात का पसरतो, ते समजतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि ग्लासात वापरायचं सोयामेण ४५ ते ५० अंशांच्या दरम्यान वितळतं. पांढरी मेणबत्ती साठीच्या जवळपास वितळणाऱ्या पॅराफिनची असते, म्हणून ती कपाटात टिकते आणि ही मऊ पडते. पण फ्रिजमध्ये मेण पटकन आकसतं, काचेपासून सुटतं, कधी वरून तडकतं. बाहेर काढल्यावर त्यावर दव धरतं, ते वातीत मुरतं आणि लावताना चरचर होते. शिवाय झाकण सैल असेल तर लसणाच्या चटणीचा वास फुकट.

त्याऐवजी झाकण लावून, उभी, आतल्या खोलीत जमिनीलगतच्या फळीवर ठेवा. स्लॅबखालचा माळा आणि पश्चिमेची भिंत टाळा. रात्री दहालाही तिथून झळ येते. धाब्याचं घर असेल तर कुठल्याही कोनाड्यात ठेवा. कारमध्ये तर दुपारी पाच मिनिटांसाठीही नको. वर तेलाचे थेंब आले तर कापसाने टिपा, तो खराब झाल्याचा पुरावा नाही. पांढरट बुरशीसारखी नक्षी दिसली तर ते सोयामेणाचे स्फटिक आहेत, बुरशी नाही.

एक गोष्ट बहुतेक कार्डांवर नसते, कारण ती दुसरीकडून उचललेली असतात. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर दिवसरात्र चालू असतो. त्याच्या झोतात मेणबत्ती लावली तर ज्योत एका बाजूला झुकते, तिकडची काच काळी होते आणि समोरच्या बाजूला मेण तसंच उभं राहतं. मग लोक फोन करतात की तुमची वात वाकडी आहे. मी आधी एवढंच विचारते: कूलर कुठे आहे?