बंद मशीनचा पगार जॉबच्या माथी नको

“पगार दिला म्हणजे खर्च झाला. मशीन बंद असो, ओव्हरटाइम असो, नाहीतर नव्या माणसाचं ट्रेनिंग, सगळं त्या महिन्याच्या जॉबवर, म्हणजे हातातल्या ऑर्डरींवर, वाटून टाका. शेवटी नफा तेवढाच येतो.”

नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या वर्कशॉपमध्ये हा सल्ला हातोहात फिरतोय, आणि त्यावर विसंबून कोटेशनं जातात, म्हणून लिहितोय.

आधी बंद मशीन. समजा दहा कामगार, २५ दिवस, रोज आठ तास, ताशी १०० रुपये. म्हणजे २,००० तास आणि २ लाख रुपये. ट्रान्सफॉर्मर जळून अडीच दिवस शॉप बंद राहिलं: २०० तास, २०,००० रुपये. उरलेल्या १,८०० तासांत सेटिंग, टूल बदलणं, चहा यांत ७२ तास गेले. हे दर महिन्याला जाणारच, म्हणून ते दरात धरायचे. १,८०,००० भागिले १,७२८, म्हणजे ताशी सुमारे १०४ रुपये. जळालेला ट्रान्सफॉर्मरही त्यात घातला की दर ११६ वर जातो. ४० तासांच्या जॉबला साडेचारशेहून जास्त रुपये विनाकारण चढतात, आणि ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाते. ते २०,००० थेट कॉस्टिंग नफा-तोटा खात्यात जायला हवेत.

नफा तेवढाच येतो, पण सगळा माल त्याच महिन्यात विकला गेला तर. रॅकवर तयार माल उरला की ट्रान्सफॉर्मरचा खर्च शिल्लक मालाच्या किमतीत लपतो आणि या महिन्याचा नफा फुगतो.

ओव्हरटाइमचे दोन तुकडे करा. दुप्पट दराने दहा तासांचे २,००० रुपये दिले, तर मूळ १,००० ज्या जॉबवर काम झालं त्याचे. वरच्या १,००० साठी कारण विचारा. ग्राहकाने घाई केली असेल तर त्याच्या जॉबवर टाका. शॉपमध्ये एकूणच काम जास्त असेल तर ओव्हरहेडमध्ये, म्हणजे सगळ्या जॉबवर वाटल्या जाणाऱ्या सामायिक खर्चात घ्या, कारण संध्याकाळी पाचनंतर मशीनवर कोणता पार्ट चढला हा निव्वळ योगायोग असतो. बुडालेले अडीच दिवस भरून काढायला कामगारांना जादा वेळ थांबवलं असेल, तर ते पैसेही ट्रान्सफॉर्मरच्या २०,००० मागोमाग नफा-तोटा खात्यात जातील.

माणसं सोडून जाण्याचंही तसंच. वर्षाला एखाद-दुसरा जातो. त्याच्या जागी आलेल्याचं शिकणं, त्याच्या हातून झालेलं थोडं स्क्रॅप ओव्हरहेडमध्ये बसतं. दहातले सहा एका महिन्यात गेले तर नेहमीपेक्षा जास्तीचा खर्च वेगळा काढा.

कॉस्ट अकाउंटंट्स इन्स्टिट्यूटचं सीएएस-७ मानक असामान्य खर्च कामगार-खर्चातून वगळायला सांगतं, पण तो लक्षणीय आणि मोजता येण्याजोगा असेल तरच. म्हणून जॉब कार्डावर बंद वेळेचं कारण त्याच दिवशी, सुपरवायझरच्या सहीने लिहा. महिन्याअखेरी आठवून भरलेले तास मला तरी मान्य नाहीत. आणि तेच मशीन दर महिन्याला दोन दिवस बंद पडत असेल, तर त्याला असामान्य म्हणू नका. तो तुमचा नेहमीचा खर्च झालाय, दरात धरा.