भांडण आवरायला आलेलं वाक्य ओळखा

नवराबायकोची भांडणं ऐकून घेणं हे माझं काम आहे. समुपदेशनाला आलेली माणसं बहुतेक वेळा भांडणातलं सगळ्यांत कडू वाक्य घेऊन येतात. "हे मला असं बोलले." मी त्याच्या आधीची चार-पाच वाक्यं विचारते. तिथे फार वेळा असं सापडतं की दोघांपैकी कुणीतरी भांडण आवरायचा लहानसा प्रयत्न केलेला होता. तो वेडावाकडा होता, म्हणून दुसऱ्याला कळलाच नाही. "भांडू नका" या सल्ल्याचा मला कधी कुणाला उपयोग झालेला दिसला नाही. हा प्रयत्न लवकर करणं आणि समोरून आलेला ओळखणं, एवढं जमलं तरी घरातली बोलणी अपमानापर्यंत जात नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

जुळे सोलापुरातलं एक जोडपं. त्यांच्या परवानगीने सांगते आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, आणि पाण्याच्या दिवशी घरात कोण थांबणार यावर सगळ्या घराचं वेळापत्रक ठरतं, हे सोलापूरकरांना सांगायला नको. त्या दिवशी पाण्याची जबाबदारी नवऱ्याची होती. दुकानाचा फोन आला, बोलण्यात वेळ गेला, मोटर लावायची राहिली आणि पाणी गेलं. ती संध्याकाळी नोकरीवरून आली, तेव्हा टाकी अर्धीसुद्धा नव्हती.

ती म्हणाली, "अहो, एवढं एकच काम सांगितलं होतं. घरात कधी लक्ष असतं का तुमचं?"

तो म्हणाला, "मी काय रिकामा बसलो होतो का? धंद्याचंच बोलायलो होतो."

"धंदा तुमचा, अन् घर काय एकटीचं आहे माझं?"

"बरं, टँकर मागवू का?"

"हो, पैसे उडवायला बरं जमतं!"

यावर तो खोटं हसला, हात जोडले आणि म्हणाला, "चुकलं राणीसाहेब. माहेरी तुमच्या दारात नदीच वाहत होती ना." ती स्वयंपाकघरात गेली, आणि पुढे दोन दिवस त्या घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं.

दोघं माझ्याकडे आली तेव्हा तिला 'राणीसाहेब' लागलेलं होतं आणि त्याला 'पैसे उडवायला'. टँकरचं वाक्य दोघांनाही आठवत नव्हतं. मी विचारलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला ते मिटवायचंच होतं की." तिने त्याच्याकडे पाहिलं. तिला ते तोंड बंद करण्यासाठी फेकलेलं उत्तर वाटलं होतं.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी १९८६ साली सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात घरासारखी मांडलेली एक प्रयोगशाळा उभी केली. जोडपी तिथे राहायची, बोलायची, भांडायची. त्याचं चित्रीकरण व्हायचं आणि हृदयाचे ठोकेही मोजले जायचे. त्यांच्या अभ्यासात संसार मोडण्याची सगळ्यांत ठळक खूण ठरली ती तुच्छता. म्हणजे टोमणा, नक्कल, डोळे फिरवणं, समोरच्याला आपल्यापेक्षा खालचं लेखणं. पण सुखी जोडपीही भांडत होती, कधीकधी वाईटच भांडत होती. फरक असा, की मधेच कुणीतरी सावरून घेणारं काही बोलायचं किंवा करायचं आणि दुसरं माणूस ते स्वीकारायचं.

त्याच मांडणीतल्या दोन गोष्टी मला इथे फार खऱ्या वाटतात. एक, सावरणं पहिल्या दोन-तीन मिनिटांत झालं तर लागू पडतं. शब्द बोचरे झाल्यावर तेच वाक्य कुचकं ऐकू येतं. दुसरी, भावनेला हात घालणारं वाक्य उपायाच्या वाक्यापेक्षा जास्त काम करतं. टँकर हा उपाय होता. तिला आधी हवं होतं, "तू दमून आलीस आणि टाकी रिकामी. वैताग येणारच." टँकरचा नंबर त्यानंतर शोधता आला असता. आपल्याकडचे पुरुष फार वेळा थेट उपायावर उडी मारतात आणि मग म्हणतात, मी एवढं करायला निघालो तरी हिचं चालूच. मला त्यांची तळमळ खरी वाटते, क्रम चुकलेला असतो.

पण निम्मं काम ऐकणाऱ्याचं आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. सावरण्याचा प्रयत्न गोड शब्दांत येईलच असं नाही. "जेवून घेऊ का आधी?" हा तो असू शकतो. "आवाज जरा कमी कर, मला सुचेना झालंय," हासुद्धा, हुकमासारखा वाटला तरी. तिने टँकर ऐकून एवढंच म्हटलं असतं, "टँकरचं बघू, पण मला राग आलाय तो ऐका आधी," तरी गाडी तिथेच वळली असती. प्रयत्न स्वीकारला म्हणजे मुद्दा सोडला असं होत नाही. टाकी रिकामीच आहे, पुढच्या वेळी मोटर कोण लावणार हे ठरवायचंच आहे. हे पटायला माझ्यासमोरच्या बायकांना विशेष जड जातं, कारण आजवर त्यांचं मऊ होणं म्हणजे विषय संपला असंच घरात धरलं गेलेलं असतं.

विनोदाबाबत सावध राहायला हवं. दोघांचं जुनं, घरातलं हसू भांडण खरंच सैल करतं. पण समोरच्याच्या माहेराला, पगाराला, बोलण्याच्या लकबीला लागणारा विनोद ही तुच्छताच असते. ओळखायला सोपं आहे: दोघं हसली का एकच?

आणि कधीकधी कुठलंच वाक्य चालत नाही. कानशिलं तापतात, समोरचं बोलणं ऐकू येतं पण डोक्यात शिरत नाही. ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेले की माणूस नीट ऐकू शकत नाही, असं गॉटमन सांगतात. शरीर निवायला निदान वीस मिनिटं लागतात. अशा वेळी उठावं, पण परत कधी बोलायचं ती वेळ सांगून उठावं. "साडेनऊला बसू" असं न म्हणता दार आपटून गच्चीवर गेलेला नवरा बायकोच्या लेखी पळून गेलेला असतो. त्या वीस मिनिटांत मनातल्या मनात पुढचं उत्तर तयार करत बसलात तर ठोके खाली येत नाहीत. भांडी घासा, एक चक्कर मारून या, डोकं दुसरीकडे गुंतवा.

या जोडप्याने स्वतःसाठी एक वाक्य ठरवलं: "हे परत पहिल्यापासून बोलू." शांत असताना ठरवलं, हे महत्त्वाचं. पुढच्या एका भांडणात ती हे म्हणाली तेव्हा बाहेरच्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "आता कशाला नमतं घेतीस, बोल की त्याला." आईंचा हेतू चांगलाच होता. पण एकत्र घरात भांडणाला प्रेक्षक असतात, आणि प्रेक्षकांसमोर सावरून घेणं हार वाटते. शेवटी नवऱ्यानेच आईला सांगितलं, "आई, आमचं आम्हाला बोलू दे थोडं."

एक मर्यादा स्पष्ट सांगते. ज्या घरात मारहाण आहे, किंवा बाई नवऱ्याचा चेहरा बघून शब्द तोलते आहे, तिथे यातलं काहीही लागू नाही. तिथे तिचं सावरणं म्हणजे भीतीपोटी केलेली मनधरणी असते आणि ती तिला शिकवणं हा अन्याय आहे. अशा वेळी १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आहे, जीव धोक्यात असेल तर ११२. जिथे भीती नाही, पण वर्षानुवर्षं एकच माणूस सावरतं आहे आणि दुसरं फक्त शांत होण्याची वाट बघतं आहे, तिथे मी त्या दुसऱ्या माणसाला एकट्याला बोलावते आणि पहिलं वाक्य त्याच्याकडून तयार करून घेते.